गणपतीतल्या स्प्रिंटचा हिशेब

ऑगस्ट लागला की पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये रजेचे अर्ज सुरू होतात. कुणाला कोकणात गावी जायचं असतं, कुणाच्या घरी गौरी असतात, कुणी मधल्या दोन दिवसांची रजा टाकून सलग पाच दिवसांची सुट्टी जुळवतं. अर्ज वेळेत आलेले असतात, ते मंजूरही होतात. तरीही सण संपता संपता अनेक टीम रात्री उशिरापर्यंत ऑफिसात अडकलेल्या दिसतात. ठरलेलं काम झालेलं नसतं, टेस्टिंग शेवटच्या दोन दिवसांत तुंबलेलं असतं आणि बोल लागतो तो रजेवर गेलेल्यांना.

हा बोल बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला लागतो. रजा हा या सगळ्या हिशेबातला सर्वांत पक्का आकडा आहे, कारण तिची तारीख आधीपासून माहीत असते. गल्लत होते ती दुसऱ्याच दोन ठिकाणी. जे हजर आहेत त्यांचा दिवस आपण पूर्ण आठ तासांचा धरतो. आणि किती माणसं रजेवर आहेत ते मोजतो, पण कोणती माणसं रजेवर आहेत ते पाहत नाही. हे दोन्ही हिशेब कागदावर मांडायला अर्धा तास पुरतो, म्हणून ते इथे एका उदाहरणासह सविस्तर मांडतो.

दोन आठवड्यांचा शब्द

आयटीबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. बऱ्याच सॉफ्टवेअर टीम ‘स्क्रम’ नावाच्या पद्धतीने काम करतात. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी ती १९९५ मध्ये जाहीरपणे मांडली. या पद्धतीत वर्षाचं काम एकदम आखत नाहीत. ते छोट्या ठरावीक टप्प्यांत करतात आणि त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा. पहिल्या दिवशी टीम एकत्र बसून या दोन आठवड्यांत काय काय पुरं करायचं ते ठरवते. कामाच्या प्रत्येक तुकड्याला ‘स्टोरी’ म्हणतात. शेवटच्या दिवशी तयार झालेलं काम दाखवायचं असतं.

पहिल्या दिवशीचा प्रश्न एकच असतो : या वेळी किती काम घ्यायचं? नेहमीच्या स्प्रिंटमध्ये त्याचं उत्तर सवयीने येतं. मागच्या वेळी जेवढं झालं, साधारण तेवढंच या वेळी. पण सणाच्या स्प्रिंटमध्ये मागचा अनुभव जसाच्या तसा चालत नाही, कारण माणसंच कमी असतात. मग कोणी अंदाजाने ‘थोडं कमी घेऊ’ म्हणतं, कोणी ‘बाकीचे जोर लावतील’ म्हणतं. ‘थोडं’ म्हणजे किती, हे सांगण्यासाठी एक साधं साधन आहे. त्याचं नाव फोकस फॅक्टर.

आठ तासांपैकी किती?

हजर असलेला डेव्हलपर दिवसाचे आठ तास ऑफिसात असतो. त्यातले सगळे तास स्टोरीवर जात नाहीत आणि तशी अपेक्षाही नसावी. स्क्रमच्या स्वतःच्या बैठकाच घ्या. एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी नियोजनाला जास्तीत जास्त आठ तास, कामाच्या पाहणीला चार तास आणि मागे वळून पाहण्याच्या बैठकीला तीन तास, अशी मर्यादा आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला याच्या निम्मे धरले तर साडेसात तास होतात. रोजचा पंधरा मिनिटांचा स्टँडअप दहा दिवस धरला की त्यात अडीच तासांची भर. म्हणजे माणशी दहा तास, ऐंशी तासांतला आठवा हिस्सा, फक्त या बैठकांना जातो.

त्यापलीकडे दिवसभरात बरंच काही चालू असतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासायचा, ग्राहकाकडून आलेली तक्रार बघायची, नव्या उमेदवाराची मुलाखत घ्यायची, पुढच्या कामांचे अंदाज बांधायचे, सर्व्हर अडला तर त्याच्या मागे लागायचं, शेजारच्याची अडचण सोडवायची. ही सगळी खरी आणि गरजेची कामं आहेत. पण स्प्रिंटच्या यादीत त्यांच्या नावाने स्टोरी नसते. त्यामुळे हजेरीचे दिवस आणि यादीतलं काम यांच्यात कायमची एक तफावत राहते. फोकस फॅक्टर ही तफावत मोजतो.

हा शब्द अनेकांपर्यंत पोहोचला तो स्वीडनमध्ये काम करणाऱ्या हेन्रिक निबर्ग यांच्या २००७ मधल्या ‘स्क्रम अँड एक्सपी फ्रॉम द ट्रेंचेस’ या छोट्या पुस्तकामुळे. त्यांची रीत अगदी सरळ आहे. मागच्या स्प्रिंटमध्ये जेवढं काम पूर्ण झालं, त्याला त्या वेळी हाताशी असलेल्या मनुष्यदिवसांनी भागायचं. येणारा आकडा हा फोकस फॅक्टर. पुढच्या स्प्रिंटमधल्या मनुष्यदिवसांना त्याने गुणलं की किती काम घ्यावं ते कळतं.

```
फोकस फॅक्टर = पूर्ण झालेलं काम ÷ उपलब्ध मनुष्यदिवस
घ्यायचं काम = येणारे मनुष्यदिवस × फोकस फॅक्टर
```

इथे काम ‘निखळ दिवसां’त मोजलेलं आहे. कुणीही मध्ये न येता, एकही बैठक नसताना, एका माणसाला जे करायला तीन दिवस लागतील ती तीन निखळ दिवसांची स्टोरी. ज्या टीम स्टोरी पॉइंट वापरतात त्यांनी निखळ दिवसांच्या जागी पॉइंट घ्यावेत, हिशेब तोच राहतो. अगदी नवी टीम असेल, मागचा काही इतिहासच नसेल, तर निबर्ग सुरुवातीला ७० टक्के धरत असत. तो फक्त पहिल्या स्प्रिंटपुरता आधार. पुढे प्रत्येक टीमने आपला आकडा आपल्या अनुभवातून काढायचा.

आपला आकडा कसा काढावा

हिंजवडीतली सात जणांची एक टीम समजा. तीन बॅकएंड डेव्हलपर, दोन फ्रंटएंड डेव्हलपर आणि दोन टेस्टर. स्क्रम मास्टर आणि प्रॉडक्ट ओनर यांना इथे धरलेलं नाही, कारण ते स्टोरी बनवत नाहीत. दोन आठवड्यांचे दहा दिवस, म्हणजे सगळे हजर असतील तर सत्तर मनुष्यदिवस.

या टीमच्या मागच्या तीन स्प्रिंटची नोंद अशी आहे. पहिल्यात ६८ मनुष्यदिवस हाताशी होते आणि ४० निखळ दिवसांचं काम पूर्ण झालं. दुसऱ्यात ६३ दिवसांत ३६, तिसऱ्यात ६९ दिवसांत ४४. तिन्ही मिळून २०० मनुष्यदिवस आणि १२० निखळ दिवस. १२० भागिले २०० म्हणजे ०.६. या टीमचा फोकस फॅक्टर साठ टक्के.

हा आकडा काढताना दोन पथ्यं पाळावी लागतात. पहिलं, अर्धवट स्टोरी मोजायची नाही. ‘नव्वद टक्के झाली आहे, फक्त टेस्टिंग राहिलंय’ अशा स्टोरीचे गुण शून्य. ती पुढच्या स्प्रिंटमध्ये पूर्ण झाली की तिथे मोजली जाईल. ही शिस्त कठोर वाटते, पण ती नसेल तर अर्धी अर्धी कामं जमा करून आकडा फुगतो आणि तोच फुगलेला आकडा पुढच्या वेळी टीमच्या मानगुटीवर बसतो.

दुसरं पथ्य बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. मागच्या स्प्रिंटचे उपलब्ध दिवस कोणते धरायचे? नियोजनाच्या दिवशी जेवढे माहीत होते तेवढे, की शेवटी प्रत्यक्षात जेवढे भरले तेवढे? मधल्या काळात कुणाला ताप आला, कुणाच्या मुलाची शाळा अचानक बंद राहिली, त्यामुळे दोन दिवस बुडाले असं समजा. नियोजनाच्या दिवशीचे दिवस धरले तर या बुडालेल्या दिवसांचा फटका फोकस फॅक्टरमध्ये आपोआप उतरतो. प्रत्यक्ष भरलेले धरले तर तो उतरत नाही आणि आजारपणासाठी वेगळी जागा ठेवावी लागते. मी पहिली रीत वापरायला सांगतो. पुढच्या स्प्रिंटचं नियोजन करताना आपल्याला मंजूर रजाच माहीत असतात, ताप कुणाला येणार हे माहीत नसतं. म्हणून मागचा हिशेबही तेवढ्याच माहितीवर उभा असावा.

२५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर

आता या टीमचा २०२५ मधला गणपतीचा स्प्रिंट मांडू. सोमवार २५ ऑगस्टला सुरुवात, शुक्रवार ५ सप्टेंबरला शेवट. बुधवारी २७ तारखेला गणेश चतुर्थी, ती कंपनीची सुट्टी. या दोन आठवड्यांत कंपनीच्या यादीत तेवढी एकच सुट्टी आहे असं धरू. सात जणांचा एक एक दिवस गेला. सत्तरातून सात वजा, उरले त्रेसष्ट.

आता रजा. एक बॅकएंड डेव्हलपर सिंधुदुर्गातला आहे. तो मंगळवारी २६ तारखेला निघणार आणि गौरी-विसर्जन झाल्यावर, म्हणजे २ सप्टेंबरनंतर कामावर येणार. त्याच्या रजेचे दिवस २६, २८, २९ ऑगस्ट आणि १, २ सप्टेंबर असे पाच होतात. २७ तारीख इथे पुन्हा धरायची नाही, ती सुट्टीत आधीच वजा झाली आहे. घाईत एक्सेल शीट भरताना हा दिवस हमखास दोनदा कापला जातो. दुसऱ्या बॅकएंड डेव्हलपरने २८ आणि २९ ची रजा टाकून शनिवार-रविवार जोडला आहे, त्याचे दोन. एका फ्रंटएंड डेव्हलपरच्या घरी दीड दिवसाचा गणपती. गुरुवारी दुपारनंतर विसर्जन, म्हणून अर्धा दिवस. एका टेस्टरच्या घरी गौरी आहेत, तिचे १ आणि २ सप्टेंबर असे दोन दिवस. दुसरा टेस्टर २८ आणि २९ ला नाही, त्याचेही दोन. बेरीज साडेअकरा. त्रेसष्टातून साडेअकरा गेले, राहिले साडेएक्कावन्न मनुष्यदिवस.

या आकड्याजवळ अनेक टीम थांबतात. रजा वजा झाल्या, आता एक्कावन्न दिवसांचं काम घेऊ. कुणी म्हणतं, नको, सरासरी चाळीस होतं, चाळीसच घेऊ. फोकस फॅक्टर लावला तर साडेएक्कावन्न गुणिले ०.६, म्हणजे ३०.९ येतात. एकतीस धरा.

एक्कावन्न, चाळीस आणि एकतीस. तिन्ही आकडे एकाच टीमचे, एकाच पंधरवड्याचे. एक्कावन्न घेणाऱ्याने रजा मोजल्या पण हजर माणसाचा दिवस मोजला नाही. चाळीस घेणाऱ्याने हजर माणसाचा दिवस मोजला, कारण तो जुन्या अनुभवात होताच, पण रजा मोजल्या नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्यावरच एकतीस मिळतात. चाळीस घेतले असते तर नऊ निखळ दिवसांचं काम उरलं असतं. फोकस फॅक्टर ०.६ असताना ते उरकायला पंधरा मनुष्यदिवस जास्तीचे लागतात. ते रात्री जागून भरून निघत नाहीत.

एक सावधगिरी. साठ टक्क्यांच्या या आकड्यात बैठका, सपोर्ट, कोड तपासणी हे सगळं आधीच वजा आहे. ते पुन्हा वेगळं वजा करू नये. काही ठिकाणी आधी बैठकांचे तास कापतात, मग सपोर्टचा एक माणूस कापतात आणि उरलेल्याला फोकस फॅक्टर लावतात. अशाने टीम गरजेपेक्षा बरंच कमी काम घेते आणि दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर हातात काम उरत नाही. वेगळं वजा करायचं ते फक्त नेहमीपेक्षा निराळं असेल तेच : दोन दिवसांचं ट्रेनिंग, दिवसभराचा ऑडिट, असं काही.

अझुर डेव्हऑप्ससारखं साधन वापरणाऱ्यांना हे सगळं स्क्रीनवरच भरता येतं. तिथल्या `Capacity` या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे `Days off` मध्ये रजा आणि `Team days off` मध्ये सगळ्यांची सुट्टी नोंदवता येते. शेजारी `Capacity per day` असा रकाना असतो. बरेच जण तिथे ८ भरतात आणि मग पट्टी हिरवी दिसते म्हणून निर्धास्त राहतात. आपल्या टीमने तिथे ४.८ भरायला हवेत, आठाचे साठ टक्के.

कोण नाही, हे बेरीज सांगत नाही

एकतीस हा आकडा प्रामाणिक आहे, पण तो पुरेसा नाही. त्यात बॅकएंडचा दिवस आणि टेस्टरचा दिवस एकाच भावाने मोजलेले आहेत. म्हणून त्याच कागदावर दुसरी मांडणी करावी लागते, कौशल्यानुसार.

तीन बॅकएंड डेव्हलपरचे मिळून वीस दिवस उरतात : कोकणात जाणाऱ्याचे चार, दुसऱ्याचे सात, तिसऱ्याचे नऊ. साठ टक्क्यांनी बारा निखळ दिवस. फ्रंटएंडचे साडेसतरा दिवस, म्हणजे साडेदहा. टेस्टरचे चौदा, म्हणजे साधारण साडेआठ. स्प्रिंटसाठी निवडलेल्या स्टोरींमध्ये बॅकएंडचं काम सोळा निखळ दिवसांचं निघालं तर एकूण बेरीज एकतीस असली तरी हा स्प्रिंट पहिल्या दिवशीच फसलेला आहे. फ्रंटएंडवाल्यांकडे वेळ उरेल आणि बॅकएंड अडून बसेल.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे एकाच माणसाला येणारं काम. समजा पैसे भरण्याचा भाग, म्हणजे पेमेंट मॉड्यूल, कोकणातल्या त्या डेव्हलपरलाच नीट माहीत आहे आणि त्यातली पाच निखळ दिवसांची एक स्टोरी ग्राहकाला या स्प्रिंटमध्ये हवी आहे. तो कामावर आहे २५ ऑगस्टला आणि मग ३, ४, ५ सप्टेंबरला. चार दिवस गुणिले ०.६ म्हणजे २.४ निखळ दिवस. शिवाय त्या चारांपैकी पहिला दिवस नियोजनाचा आणि शेवटचा पाहणीचा. तेव्हा पाच दिवसांची स्टोरी त्याच्या हातून होणं शक्यच नाही, हे २५ तारखेला सकाळीच दिसतं. मग पर्याय तीन राहतात. स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलायची, तिचा दोन दिवसांचा तुकडा तोडून तेवढाच घ्यायचा, किंवा आधीच्या स्प्रिंटमध्ये दुसऱ्या एकाला त्याच्या जोडीला बसवून ते मॉड्यूल शिकवून ठेवायचं. तिसरा पर्याय सर्वांत चांगला, पण त्यासाठी रजा किमान दोन आठवडे आधी कळायला हवी.

तारखांचा तक्ता मांडला की आणखी एक अडचण समोर येते. २८ आणि २९ ऑगस्टला तीनपैकी एकच बॅकएंड डेव्हलपर हजर आहे. म्हणजे त्याने लिहिलेला कोड तपासायला बॅकएंडचा दुसरा कुणी नाही आणि ग्राहकाची तक्रार आली तर ती बघणाराही तोच. हे दोन दिवस पूर्ण कामाचे धरणं धोक्याचं आहे. टेस्टरच्या रजा मात्र एकमेकींवर पडलेल्या नाहीत, त्यामुळे २८ ऑगस्ट ते २ सप्टेंबर या कामाच्या चारही दिवशी एक टेस्टर हजर राहतो. त्याच रजा एकाच तारखांना आल्या असत्या तर दिवसांची बेरीज तीच राहिली असती, पण मधले दिवस टेस्टिंग पूर्ण बंद राहिलं असतं.

माणसागणिक साठ टक्के लावणं हा फक्त अडचण कुठे आहे ते पाहण्याचा मार्ग आहे. फोकस फॅक्टर हा टीमचा आकडा. एकाचा साठ, दुसऱ्याचा पंचेचाळीस असं मोजायला लागलं की लोक इतरांना मदत करणं सोडतात, कारण मदतीचा वेळ आपल्या खात्यावर वजा पडतो.

माणसं कमी, तक्रारी तेवढ्याच

आतापर्यंत आपण धरलं की माणसं कितीही कमी झाली तरी फोकस फॅक्टर ०.६ च राहतो. हे पूर्ण खरं नाही. बैठकांचा वेळ माणसांबरोबर कमी होतो : जो रजेवर आहे तो स्टँडअपलाही नसतो. ग्राहकाच्या तक्रारी मात्र आपल्याकडे कोण हजर आहे ते बघून येत नाहीत. समजा या टीमचे दर स्प्रिंटला सहा मनुष्यदिवस तक्रारींवर जातात. नेहमी ते सुमारे सदुसष्ट दिवसांतून जातात, आता साडेएक्कावन्नातून जाणार.

हे सहा दिवस वेगळे काढून हिशेब केला तर तीन स्प्रिंटचे उपलब्ध दिवस दोनशेऐवजी १८२ होतात आणि फोकस फॅक्टर सुमारे ०.६६ येतो. गणपतीच्या स्प्रिंटमध्ये साडेएक्कावन्नातून सहा गेले, साडेपंचेचाळीस उरले, त्याचे तीस निखळ दिवस. म्हणजे एकतिसाऐवजी तीस. फरक एका दिवसाचा, तो सोडून दिला तरी चालेल. पण दिवाळीत टीमचे तीसच मनुष्यदिवस उरले तर पहिल्या रीतीने अठरा येतात आणि दुसऱ्या रीतीने जेमतेम सोळा. टीम जितकी विरळ, तितका हा फरक मोठा. म्हणून उपलब्ध दिवस नेहमीच्या तीनचतुर्थांशाखाली गेले की ठरलेलं, टाळता न येणारं काम आधी बाजूला काढावं आणि मगच गुणाकार करावा.

आपल्या टीमने तीस किंवा एकतीस निखळ दिवसांचं काम आणि त्याखेरीज दोन लहान, कुणावरही न अडणाऱ्या स्टोरी ‘वेळ उरला तर’ म्हणून ठेवाव्यात. त्यांचा शब्द कुणालाही द्यायचा नाही.

बिघाड ओळखायचा कसा

हिशेब चुकला असेल तर तो शेवटच्या दिवसाआधी दिसतो. पहिली खूण सहाव्या दिवशी. सुरू केलेल्या स्टोरी पुष्कळ, पूर्ण झालेली एकही नाही, असं असेल तर काम जास्त घेतलेलं आहे किंवा एका जागी अडलेलं आहे. दुसरी खूण टेस्टिंगच्या रांगेत. शेवटच्या तीन दिवसांत सगळ्या स्टोरी टेस्टरपाशी साचल्या तर कौशल्यानुसार मांडणी केलेली नव्हती असं समजावं. तिसरी खूण माणसांच्या वागण्यात दिसते. गावी गेलेल्याला रोज फोन जातो, तो आरतीच्या वेळी लॅपटॉप उघडून बसतो. अशी रजा कागदावर पाच दिवसांची असते आणि हिशेबात घेतलेली नसते. त्याने दिलेले ते तास कुठेही नोंदले जात नाहीत, तरी त्यांनी पुरं झालेलं काम टीमच्या खात्यात जमा होतं. फोकस फॅक्टर खोटा चढतो आणि पुढच्या स्प्रिंटला सगळ्यांवरच ओझं वाढतं.

चौथी खूण सावकाश दिसते. वरून ‘साठाचा सत्तर करा’ असा हट्ट सुरू झाला की दोन-तीन स्प्रिंटमध्ये तो सत्तर होतोही. काम तेवढंच राहतं, फक्त दोन दिवसांची स्टोरी आता अडीच दिवसांची म्हणून लिहिली जाते. आकडा वाढला आणि ग्राहकाच्या हाती काही जास्त पडलं नाही, तर वाढले ते अंदाज.

याच कारणाने निबर्ग यांनी २०१५ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत आपण आता फोकस फॅक्टर वापरत नाही असं नोंदवलं आहे. त्याने अचूकतेचा खोटा भास होतो आणि आकडा जास्त म्हणजे टीम चांगली, असा समज पसरतो, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. नेहमीच्या स्प्रिंटमध्ये, जिथे सगळे हजर असतात, तिथे मागच्या दोन-तीन वेळा झालेल्या कामाची सरासरी पुरते, गुणाकाराची गरज पडत नाही. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही असं कोणतंही सूत्र नाही. मागे काय झालं, पुढे आपल्याकडे किती हात आहेत आणि काम ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं हे टीमला जितकं नीट माहीत, तितका तिचा अंदाज भरवशाचा, एवढंच ती सांगते. फोकस फॅक्टर उपयोगी पडतो तो हात कमी होतात तेव्हा. ‘थोडं कमी घेऊ’ याऐवजी ‘एकतीस घेऊ’ असं म्हणता येतं आणि ते का, हे ग्राहकाला चार ओळींत दाखवता येतं. त्या एकतीसाला अठ्ठावीस ते तेहतीस अशी दोन्हीकडे जागा आहे हे विसरू नये.

टीम लीडच्या जागी असणाऱ्यांना एक विनंती. या वर्षीचं पंचांग आणि कंपनीच्या सुट्ट्यांची यादी समोर ठेवून गणपती आणि दिवाळीच्या स्प्रिंटच्या तारखा आजच काढा. त्या तारखांच्या रजा एक स्प्रिंट आधी लिहून मागा, मागच्या तीन स्प्रिंटच्या नोंदींवरून आपला फोकस फॅक्टर काढा आणि येणारा आकडा नियोजनाच्या बैठकीआधी प्रॉडक्ट ओनरला कळवा. आकडा आधी गेला तर तो काय मागे ठेवायचं ते निवडू शकतो, नंतर गेला तर ती सबब ठरते. आणि रजा मंजूर केली असेल तर त्या माणसाला फोन करू नका. त्याचे दिवस तुम्ही हिशेबातून वजा केलेले आहेत.